टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यातलं रोप कोणतं, तण कोणतं? फोटोवरून ओळख चुकते तेव्हा

अडचण नेहमी सारखीच असते. वाफ्यात टोमॅटो, मिरची किंवा वांग्याचं बी पेरलं. आठ-दहा दिवसांत हिरवी टोकं वर आली, पण पेरलं त्यापेक्षा जास्तच आली. फोटो काढून जाणत्या दोघा-तिघांना दाखवला तर एक म्हणतो ‘सगळी टोमॅटोच आहेत’, दुसरा म्हणतो ‘अर्धी कामोणी आहे, उपटा’. मग घाईत उपटलं तर मिरची जाते. न उपटता सोडलं तर पुढे पांढरी फुलं आणि काळी फळं येतात, तेव्हा कळतं की आपण इतके दिवस तणाला पाणी घालत होतो.

इथे फक्त याच एका कुळाबद्दल लिहितो आहे, कारण फोटोवरची ओळख इथेच सर्वांत जास्त चुकते. मुळ्याच्या ओळीत उगवलेलं गवत कोणालाही कळतं. पण टोमॅटो, मिरची, वांगी, कामोणी आणि धोतरा ही सगळी एकाच कुळातली. लहानपणी ती एकमेकांसारखी दिसणारच. त्यात माठाच्या कुळातली तणं मिसळतात. ती या कुळातली नाहीत, पण पहिल्या आठवड्यात टोमॅटोची नक्कल छान करतात.

गोंधळ कशामुळे होतो

बी रुजून वर येतं तेव्हा पहिली दोन पानं दिसतात ती बीजपत्रं. ती बियातच तयार असतात आणि त्यांचा आकार मोठ्या झाडाच्या पानाशी जुळत नाही. त्यानंतर बीजपत्रांच्या मधून जे पान फुटतं ते पहिलं खरं पान. टोमॅटोचं कातरलेलं पान, मिरचीचं गुळगुळीत पान, वांग्याचं लवदार पान अशी जी ओळख आपल्या डोळ्यात बसलेली असते, ती सगळी खऱ्या पानाची असते. फोटो मात्र बहुतेक जण बीजपत्रांच्या अवस्थेत काढतात, कारण उत्सुकता तेव्हाच असते.

बीजपत्रांवरून बहुतेक वेळा साधारण कूळ कळतं, झाड नाही. त्यामुळे फक्त बीजपत्रं दिसणाऱ्या फोटोवर कोणी छातीठोक उत्तर दिलं तर ते उत्तर बाजूला ठेवलेलं बरं. याला अपवाद एकच. आकारात मोठा फरक असेल, म्हणजे एक रोप दुसऱ्याच्या निम्म्याहून लहान असेल, तर बीजपत्रंसुद्धा बरंच सांगून जातात. त्याकडे पुढे येतोच.

फोटो असा हवा की त्यातून उत्तर निघेल

उभं राहून वरून काढलेला एकच फोटो, तोही झूम करून, हे चुकीच्या ओळखीचं सर्वांत मोठं कारण. फोनचा झूम बहुतेक वेळा चित्र फक्त ताणतो. पानावरची लव, कडेवरची खाच आणि खोडाचा रंग या तीनच गोष्टींवर निकाल लागतो आणि झूममध्ये त्याच पुसल्या जातात. त्यापेक्षा फोन वीसेक सेंटिमीटरवर न्या, झूम लावू नका, स्क्रीनवर दिसणाऱ्या रोपाच्या खोडावर बोट टेकवून फोकस घ्या आणि नंतर फोटो कापा. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो पानाच्या कडा खातो.

मला तीन फोटो लागतात. पहिला सरळ वरून, पेरणीची ओळ आणि आजूबाजूची सगळी रोपं दिसतील असा. दुसरा जमिनीलगत फोन आडवा धरून बाजूने, रोपामागे पांढरा कागद उभा करून. या दुसऱ्या फोटोत बीजपत्रांखालचं खोड दिसतं, आणि ओळख पटवायला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो. शक्य असेल तर प्रकाश रोपाच्या मागून किंवा कडेने येऊ द्या. खोडावर लव असेल तर ती उजेडात चमकणाऱ्या बारीक झालरीसारखी दिसते. समोरून पडलेल्या उजेडात तीच लव फोटोत अजिबात दिसत नाही. तिसरा फोटो पानाच्या खालच्या बाजूचा. बोटाने पान हलकेच वर उचलायचं, पिळायचं नाही.

मोजमापासाठी शेजारी काडेपेटीतली काडी किंवा पट्टी ठेवा, पण ती पानाच्या उंचीवर हवी. जमिनीवर ठेवलेली काडी कॅमेऱ्यापासून लांब असते, त्यामुळे पान आहे त्यापेक्षा मोठं दिसतं आणि हिशेब चुकतो. भर दुपारच्या उन्हात फोटो नको. कोवळा हिरवा रंग उडून पांढरट दिसतो आणि जांभळी झाक काळी पडते. सावलीतला सारखा उजेड चांगला. पाणी घातल्यावर लगेच काढू नका, थेंबांमुळे खरखरीत पानही चकचकीत दिसतं. संध्याकाळ उलटल्यावरही नको, कारण अनेक रोपांची बीजपत्रं रात्री वर उचलून मिटतात आणि त्यांची रुंदी कळत नाही.

एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मेसेजमधून फोटो साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि लव गायब होते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात पोहोचतो. समोरच्याला लव दिसत नसेल तर आधी हे तपासा.

कोणाचं काय बघायचं

टोमॅटोची बीजपत्रं लांबट, अरुंद आणि टोकदार असतात. पूर्ण उघडल्यावर साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर लांब. खोडावर बारीक लव असते आणि बऱ्याचदा खोड जांभळट असतं. पहिलं खरं पान निघतानाच कातरलेलं असतं. ते अजून दुमडलेलं, तांदळाएवढं असलं तरी त्याच्या कडेवर खाचा दिसतात. बाजूने काढलेल्या स्पष्ट फोटोत ही खाच दिसली की उगवलेल्या गर्दीत टोमॅटो वेगळा काढता येतो.

कामोणीची बीजपत्रं लहान आणि अंडाकृती असतात, टोकाला निमुळती. लांबी साधारण टोमॅटोच्या निम्मी किंवा त्याहून कमी, आणि लांबीच्या मानाने जास्त रुंद. पहिलं खरं पान अखंड कडेचं, अंडाकृती, पातळ. त्यावर बारीक लव असते आणि खालची बाजू पुष्कळदा जांभळी असते. पुढच्या पानांच्या कडा थोड्या नागमोडी होतात, पण टोमॅटोसारखं पर्णिकांमध्ये विभागलेलं पान कामोणीला कधीच येत नाही.

माठाच्या जातीच्या तणांची बीजपत्रं अरुंद, साधारण एक सेंटिमीटरची. खालून लालसर आणि लव नसलेली. पहिल्या दिवसांत ती टोमॅटोची छोटी आवृत्ती वाटतात. पण पहिलं खरं पान येताच शंका उरत नाही, कारण त्याच्या टोकाला मधोमध एक छोटी खाच असते. पानाचं टोक जणू चिमटीने खुडल्यासारखं.

धोतऱ्याची बीजपत्रं मोठी, लांब, गुळगुळीत असतात आणि टोमॅटोपेक्षा रोप दांडगं दिसतं. ‘माझा एक टोमॅटो बाकीच्यांपेक्षा किती जोमदार आलाय’ असा फोटो आला की आधी धोतऱ्याची शंका घ्यावी. त्याचं पहिलं खरं पान अखंड कडेचं असतं आणि चुरगळलं तर उग्र, घाण वास येतो. हे रोप पूर्ण विषारी असतं. उपटलं तर हात धुवा. धुण्याआधी डोळ्याला हात लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसू शकतं.

वांगं ओळखायला फार अडचण येत नाही. पहिली खरी पानं दाट लवेमुळे मखमली आणि राखाडी झाकेची दिसतात. फोटोत एवढी झाक सहसा उतरते.

खरा पेच मिरचीचा. मिरचीचं पहिलं खरं पान अखंड कडेचं, अंडाकृती, टोकदार, आणि कामोणीचंही तसंच. इथे पहिल्या पानाच्या आकाराने निकाल लागत नाही. म्हणून खाली पाहायचं. मिरचीची बीजपत्रं लांबट आणि भाल्याच्या पात्यासारखी, कामोणीची लहान व अंडाकृती. बीजपत्रं बराच काळ खाली टिकून राहतात, त्यामुळे दोन-तीन खरी पानं आल्यावरही ही तुलना करता येते. दुसरं, मिरचीचं पान गुळगुळीत आणि चकचकीत असतं, कामोणीचं निस्तेज आणि पातळ. पान कोरडं असताना फोटो सावलीत काढला असेल तरच या चमकेवर विश्वास ठेवा. तिसरं, वेळ. मिरची रुजायला टोमॅटोपेक्षा उशीर लावते आणि सुरुवातीला सावकाश वाढते. टोमॅटोच्या बरोबरीने किंवा आधी वर आलेलं, भराभर पानं काढणारं ‘मिरचीचं’ रोप बहुतेक वेळा मिरची नसतं.

एक फोटो, अकरा रोपं

हे सगळं एकत्र कसं वापरायचं ते एका फोटोवरून सांगतो. ओळखीच्या एका बाईंनी वाफ्याच्या एका कोपऱ्याचा फोटो पाठवला. पेरणीनंतर चौदाव्या दिवसाचा. एका ओळीत टोमॅटो, हातभर अंतरावर दुसऱ्या ओळीत मिरची. चौकटीत अकरा रोपं होती आणि त्यांचा प्रश्न होता, कोणती काढू?

मी आधी रोपं पाहिलीच नाहीत, ओळ विचारली. त्यांनी बोटाने चर काढून साधारण एक सेंटिमीटर खोल बी टाकलं होतं, दोन बियांत चार बोटांचं अंतर. टोमॅटोच्या ओळीवर सहा रोपं होती, मिरचीच्या ओळीवर दोन आणि ओळींच्या मध्ये तीन. मधल्या तिघांवर तणाचा संशय बळावतो, पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण जोराचं पाणी पडलं तर बी वाहून ओळ सोडतं. त्यांनी झारीने हलकं पाणी दिलं होतं, म्हणून हा पुरावा मी बऱ्यापैकी धरला.

मग त्यांच्याकडून बाजूने काढलेले फोटो मागवले. टोमॅटोच्या ओळीतल्या सहापैकी पाच रोपांचं खोड लवदार होतं आणि बीजपत्रं काडीच्या जवळजवळ निम्म्या लांबीची. चार रोपांत मधलं पान कातरलेलं स्पष्ट दिसत होतं. पाचव्याचं एक बीजपत्र टोकाला बोथट आणि फाटलेलं होतं, त्यामुळे वरून ते वेगळंच झाड वाटत होतं. बियाचं टरफल बीजपत्रावर अडकून राहिलं की असं होतं. खोड, लव आणि दुसरं बीजपत्र बाकीच्यांसारखंच होतं, म्हणून तोही टोमॅटो.

सहावं रोप ओळीवर होतं, पण बीजपत्रं निम्म्याहून लहान, अंडाकृती, आणि वर आलेली दोन पानं अखंड कडेची. खालून जांभळी. ही कामोणी. ओळीत उगवलं म्हणजे पेरलेलंच असतं असं नाही, चर काढताना तणाचं बीसुद्धा उजेडात येतं आणि पाणी त्यालाही मिळतं.

मधल्या तिघांत दोन माठाची होती, पानाच्या टोकावरच्या खाचेमुळे लगेच ओळखली. तिसरं कामोणीचं.

मिरचीच्या ओळीवरच्या दोघांपैकी एकाची बीजपत्रं लांबट आणि चकचकीत होती आणि मधलं पान नुकतं डोकावत होतं. ती मिरची. दुसऱ्याची बीजपत्रं मातीने माखलेली, एक किड्याने कुरतडलेलं, आणि एक खरं पान अर्धं उघडलेलं. त्याचा आकार दोन्हीकडे बसत होता. मी त्यांना सांगितलं की हे आत्ता ठरत नाही. त्याच्या शेजारी एक काडी खोचा, पाण्याने माती धुवा आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा तीन फोटो काढा.

दुसऱ्या फोटोत त्याला तीन खरी पानं आली होती, तर शेजारच्या खात्रीच्या मिरचीला अजून एकच पूर्ण पान. तिसऱ्या पानाची कडा नागमोडी होऊ लागली होती आणि कडेने पडलेल्या उजेडात खोडावरची लव दिसत होती. ते कामोणी निघालं. पहिल्याच दिवशी अंदाज बांधला असता तर तोही कदाचित बरोबर ठरला असता. पण तिथे जर मिरची असती तर त्या ओळीतल्या दोनपैकी एक रोप गेलं असतं, आणि पाच दिवस थांबल्याने एका तणाने त्यांचं काहीच बिघडवलं नाही.

कुठली खूण एकटी पुरत नाही

जांभळा रंग ही लोकांची आवडती खूण आहे आणि तीच सर्वांत जास्त फसवते. थंडी असेल किंवा रोपाला फॉस्फरस मिळत नसेल तर टोमॅटोच्या पानाची खालची बाजूही जांभळी होते. त्यामुळे ‘खालून जांभळं म्हणजे कामोणी’ असं धरून उपटू नका. जांभळा रंग, अखंड कडा आणि लहान बीजपत्रं अशी तिन्ही एकत्र असतील तरच बोला.

टोमॅटोच्या काही वाणांची पानं बटाट्याच्या पानासारखी असतात, पर्णिका कमी आणि कडा जवळजवळ अखंड. असं बी पेरलं असेल तर पहिल्या पानात खाच दिसेलच असं नाही. पाकिटावर ‘पोटॅटो लीफ’ लिहिलं आहे का ते आधी पाहा. तिथे बीजपत्रांची लांबी, खोडाची लव आणि वास यांवरच विसंबावं लागतं. खोड दोन बोटांत हलकेच चोळलं की टोमॅटोचा वास हाताला लागतो. फोटो पाहणाऱ्याला हा वास कळणार नाही, म्हणून फोटोबरोबर तो लिहून पाठवा.

उजेड कमी पडल्याने लांबुळकं झालेलं रोपही नेहमीच्या मोजमापात बसत नाही. खोड ताणलेलं, बीजपत्रं लहान. अशा वेळी पुस्तकातल्या मापाशी तुलना करू नका, त्याच फोटोतल्या, त्याच उजेडात वाढलेल्या खात्रीच्या रोपाशी करा.

पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून

खात्रीचं रोप हाताशी असणं हाच या अडचणीवरचा पक्का उपाय. वाफ्यात पेरता त्याच दिवशी, त्याच पाकिटातले तीन-चार दाणे एका छोट्या कुंडीत स्वच्छ कोकोपीटमध्ये पेरा आणि कुंडी वाफ्याच्या कडेलाच ठेवा, म्हणजे ऊन आणि थंडी दोघांना सारखी मिळेल. तिथे उगवेल ते जवळजवळ निश्चित तुमचंच. वाफ्यातल्या रोपाचा फोटो काढताना कुंडीतलं रोपही त्याच चौकटीत घ्या. मग कोणाला विचारायची वेळच कमी येते. कुंडीत घरचं कंपोस्ट घालू नका. नीट तापलेलं नसेल तर त्यात टोमॅटोचं आणि तणाचं, दोन्ही बी जिवंत राहतं.

याच्या उलट वाफ्याच्या एका टोकाला वीतभर जागा न पेरता ठेवा. माती तीच, पाणी तेच. तिथे उगवेल ते तुमच्या मातीतलं तण. या दोन जागांच्या मध्ये बाकीचा वाफा वाचता येतो.

तण ठरल्यावर ते टोमॅटोच्या बुडाशी असेल तर उपटू नका, कारण मुळं गुंतलेली असतात. बारीक कात्रीने बीजपत्रांच्या खाली कापा. कामोणी, माठ आणि धोतरा यांचं कोवळं रोप बीजपत्रांच्या खाली कापलं की पुन्हा फुटत नाही, कारण त्या भागावर फुटवा येण्यासारखा डोळा नसतो. बीजपत्रांच्या वर कापलं तर मात्र बगलेतून नवे फुटवे येतात. लव्हाळ्याला हा उपाय चालत नाही. तो जमिनीतल्या गाठीतून येतो आणि कापल्यावर पुन्हा वर येतो. पण लव्हाळा मिरचीसारखा दिसत नाही, त्यामुळे तो या यादीत येतच नाही.

किती थांबायचं, तर दुसरं खरं पान पूर्ण उघडेपर्यंत. तोपर्यंत विरळ तण रोपाचं फारसं खात नाही. रोपं दाटीने उगवली असतील आणि एकमेकांवर सावली पडत असेल तर खात्रीची तणं तेवढी आधी कापा आणि शंकेची सोडा. शंकेच्या प्रत्येक रोपाजवळ काडी खोचा, नाहीतर पुढच्या फोटोत कोणतं रोप कोणतं तेच कळत नाही.

कुंडीतल्या रोपांचे फोटो वाणाचं नाव आणि पेरणीची तारीख लिहून साठवा. बीजपत्रं उघडल्यावर एक, पहिलं खरं पान आल्यावर एक, दुसरं आल्यावर एक. पुढच्या हंगामात तोच वाण पेरला की तुलनेसाठी तुमच्याच उजेडातला, तुमच्याच फोनने काढलेला नमुना तयार असेल.